दोन अध्यापन पद्धतींची तुलना करताना परिकल्पना आणि शून्य परिकल्पना कशी मांडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एड. आणि एम.एड.चे विद्यार्थी, तसेच आपल्याच शाळेत संशोधन करणारे शिक्षक लघुशोधप्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायला बसले की जे प्रश्न हमखास पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण धरलं आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली एक माध्यमिक शाळा, इयत्ता आठवी, दोन तुकड्या, प्रत्येकीत 32 विद्यार्थी. गणितातला ‘विस्तार सूत्रे’ हा घटक एका तुकडीला उद्गामी पद्धतीने, म्हणजे आधी उदाहरणं आणि त्यातून सूत्र असा शिकवायचा. दुसरीला अवगामी पद्धतीने, म्हणजे आधी सूत्र आणि मग उदाहरणं. घटक संपल्यावर दोन्ही तुकड्यांना 20 गुणांची एकच संपादणूक चाचणी. शाळा आणि गुण समजावण्यापुरते रचलेले आहेत. आकडेमोड मात्र खरी आहे, कागदावर करून ताडून पाहा.

1. उद्दिष्ट लिहिलं आहे. मग परिकल्पना वेगळी कशाला?

उद्दिष्ट तुम्ही काय करणार ते सांगतं: ‘उद्गामी व अवगामी पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या संपादणुकीची तुलना करणे.’ तुलना केली की उद्दिष्ट पूर्ण झालं, निकाल काहीही लागो. परिकल्पना मात्र निकालाबद्दल आधीच एक विधान करते आणि ते विधान चुकू शकतं. ‘उद्गामी पद्धतीने शिकलेल्यांचा मध्यमान जास्त असेल’ ही परिकल्पना झाली, कारण गुण हातात आल्यावर ती टिकते की पडते हे ठरवता येतं. तुमचं विधान कुठल्याही निकालाने खोटं पडत नसेल, तर ते परिकल्पनेत बसत नाही.

याच कसोटीने गृहीतकंही बाजूला काढता येतात. ‘आठवीच्या विद्यार्थ्यांना बैजिक राशींचा गुणाकार येतो’ हे तुम्ही धरून चालता, त्याची चाचणी घेत नाही. त्याची जागा गृहीतकांत.

2. मला नवीन पद्धत चांगली आहे हे दाखवायचं आहे. मग ‘फरक नाही’ असं उलटं का लिहायचं?

कारण ‘फरक आहे’ हे विधान गणिताला धरता येत नाही. फरक किती? अर्ध्या गुणाचा की पाच गुणांचा? ‘फरक शून्य आहे’ हे मात्र नेमकं विधान आहे. ते खरं मानलं, तर 32-32 मुलांच्या दोन गटांत निव्वळ योगायोगाने केवढा फरक पडू शकेल याचा हिशेब मांडता येतो. तुम्हाला मिळालेला फरक त्या हिशेबात सहज बसत असेल, तर पद्धतीमुळेच फरक पडला असं म्हणायला आधार उरत नाही. बसत नसेल, तर ‘फरक शून्य’ हे विधान सोडून द्यायचं.

‘शून्य परिकल्पना’ ही संज्ञा रोनाल्ड फिशर यांनी 1935 मध्ये रूढ केली. ही परिकल्पना सिद्ध होत नाही, फार तर खोडली जाते, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. ही दुसरी गोष्ट आपल्याकडच्या प्रबंधांत वारंवार विसरली जाते. तिच्याबद्दल प्रश्न 8 मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

3. वाक्य नेमकं कसं लिहू? मार्गदर्शक ‘मोघम आहे’ म्हणून परत पाठवतात.

बहुतेकांचा पहिला मसुदा असा असतो:

‘अध्यापन पद्धतीचा विद्यार्थ्यांवर परिणाम होत नाही.’

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. कोणत्या पद्धती, कोणते विद्यार्थी, कशावर परिणाम आणि तो कशाने मोजला, यातलं काहीच या वाक्यात नाही. ‘विद्यार्थ्यांवर परिणाम’ म्हणजे गुण, आवड, हजेरी की वर्गातली शिस्त? वाचणाऱ्याला फक्त परिकल्पना वाचून कळलं पाहिजे की तुम्ही कोणते दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवणार आहात.

आपल्या उदाहरणातली शून्य परिकल्पना अशी लिहावी:

‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना ‘विस्तार सूत्रे’ हा घटक उद्गामी पद्धतीने शिकवलेल्या गटाच्या आणि अवगामी पद्धतीने शिकवलेल्या गटाच्या उत्तर चाचणीतील संपादणूक गुणांच्या मध्यमानांत सार्थक फरक नाही.’

आणि तिच्या जोडीची संशोधन परिकल्पना:

‘… उत्तर चाचणीतील संपादणूक गुणांच्या मध्यमानांत सार्थक फरक आहे.’

दोन वाक्यांत ‘नाही’ आणि ‘आहे’ एवढाच बदल असावा. पुष्कळदा शून्य परिकल्पना ‘संपादणुकी’बद्दल असते आणि संशोधन परिकल्पना ‘आकलना’बद्दल. मग एक पडली तरी दुसरी उभी राहत नाही, कारण ती जोडी नसतेच. खाली चिन्हांत लिहिलं की ही गफलत लगेच दिसते:

H₀: μ₁ = μ₂
H₁: μ₁ ≠ μ₂

इथे μ₁ म्हणजे उद्गामी गटाचा आणि μ₂ म्हणजे अवगामी गटाचा मध्यमान, हे लिहायला विसरू नका. चिन्हांत उतरवता येत नाही असं वाक्य बहुधा परिकल्पनाच नसतं. ‘उद्गामी पद्धत उपयुक्त आहे’ हे वाक्य चिन्हांत लिहून पाहा, म्हणजे अडचण कळेल.

4. ‘फरक आहे’ लिहू की ‘उद्गामी गटाचा मध्यमान जास्त आहे’ असं दिशा देऊन लिहू?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि निकाल फिरतो तोही इथेच. म्हणून आकडे घेऊन पाहू.

समजा उद्गामी गटाचा मध्यमान 14.2 आणि प्रमाण विचलन 3.6 आलं, अवगामी गटाचा मध्यमान 12.5 आणि प्रमाण विचलन 3.8. फरक 1.7 गुणांचा. दोन्ही गट 32 चे, म्हणून दोन्ही विचलनांच्या वर्गांची सरासरी 13.70 घ्यायची. तिला 2/32 ने गुणून वर्गमूळ काढलं की फरकाची प्रमाण त्रुटी येते 0.925. म्हणून t = 1.7 ÷ 0.925 = 1.84. स्वाधीनता मात्रा 32 + 32 − 2 = 62.

आता कोष्टकात पाहा. 0.05 स्तरावर, दिशा न देता म्हणजे टू-टेल चाचणीसाठी t निदान 2.00 हवा. आपला 1.84, म्हणजे शून्य परिकल्पनेचा त्याग होत नाही. दिशा दिली असती, म्हणजे वन-टेल चाचणी असती, तर 1.67 पुरला असता आणि त्याच गुणांवर, त्याच मुलांवर शून्य परिकल्पनेचा त्याग झाला असता.

निकाल असा एका शब्दावर फिरतो, म्हणून दिशा उत्तरपत्रिका तपासण्याआधी ठरली पाहिजे. आराखडा महाविद्यालयात सादर होतो, त्याच्यात जे लिहिलं तेच शेवटपर्यंत ठेवायचं. 1.84 आलेला पाहून परिकल्पनेत ‘जास्त’ हा शब्द घालणं म्हणजे निकाल बघून पैज लावणं. विषयतज्ज्ञ मौखिकीत आराखडा आणि प्रबंध शेजारी ठेवून हेच तपासतात.

माझं मत विचाराल तर दिशा देऊ नका. दिशा देणं म्हणजे उलटा निकाल लागला तरी मी त्याला ‘फरक’ म्हणणार नाही, असं आधी कबूल करणं. आठवीत उदाहरणांतून सूत्रापर्यंत पोचायला वेळ लागतो, सरावाच्या तासिका कमी पडतात आणि अवगामी गट पुढे जाऊ शकतो. ते तुम्हाला कळायला हवं असेल, तर दार दोन्ही बाजूंनी उघडं ठेवा.

तरी दिशा द्यायचीच असेल, तर आधीच्या संशोधनाचा आधार दाखवा आणि शून्य परिकल्पनाही बदला: H₁: μ₁ > μ₂ असेल तर H₀: μ₁ ≤ μ₂.

एक्सेल वापरणाऱ्यांनी एवढं बघावं:

```
=T.TEST(B2:B33,C2:C33,2,2)
```

तिसऱ्या जागेवरचा आकडा म्हणजे टेल. परिकल्पना दिशाहीन असेल तर इथे 2, दिशा दिली असेल तर 1. शेवटचा 2 म्हणजे दोन वेगवेगळे गट, समान प्रसरण धरून. तिसऱ्या जागी 1 टाकला तर एक्सेल कोणता गट पुढे आहे हे पाहत नाही. अवगामी गट पुढे असला तरी तो p चा लहानच आकडा देईल आणि तुम्ही ‘उद्गामी गट सरस’ लिहून मोकळे व्हाल. मध्यमान आधी डोळ्यांनी पाहा.

5. ‘सार्थक फरक नाही’ लिहायचं की नुसतं ‘फरक नाही’?

काटेकोरपणे पाहिलं तर शून्य परिकल्पना म्हणते की फरक शून्य आहे. सार्थकता ही नंतर चाचणी लावल्यावर ठरते. पण आपल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांत ‘सार्थक फरक नाही’ हीच रीत आहे आणि तिच्यावरून वाद घालण्यात वेळ दवडू नये. रीतीप्रमाणे वाक्य लिहा आणि खाली H₀: μ₁ = μ₂ लिहा. अर्थ चिन्ह सांभाळतं.

6. पूर्व चाचणीसाठी वेगळी शून्य परिकल्पना लागते का?

बहुतेक प्रबंधांत पहिली शून्य परिकल्पना ‘पूर्व चाचणीतील मध्यमानांत सार्थक फरक नाही’ अशी असते आणि तिचा त्याग झाला नाही की ‘दोन्ही गट समान आहेत’ असं लिहून पुढे जातात. ही उडी मोठी आहे. पूर्व चाचणीतही उद्गामी गट दीड गुणाने पुढे असू शकतो आणि 32-32 मुलांत तो फरक सार्थक ठरणार नाही. मग उत्तर चाचणीतला 1.7 चा फरक पद्धतीचा, की आधीच्याच दीड गुणाचा?

म्हणून पूर्व चाचणीचे मध्यमान आणि विचलन कोष्टकात द्या, पण तिला परिकल्पना करू नका. त्याऐवजी पूर्व चाचणीचे गुण मुख्य परिकल्पनेतच घ्या: ‘पूर्व चाचणीतील गुणांचा प्रभाव वगळल्यावर, दोन्ही गटांच्या उत्तर चाचणीतील समायोजित मध्यमानांत सार्थक फरक नाही.’ यासाठी सहप्रसरण विश्लेषण लागतं. मार्गदर्शकांना ते नको असेल तर प्रत्येक विद्यार्थ्याची वाढ, म्हणजे उत्तर वजा पूर्व, काढून तिच्या मध्यमानांवर शून्य परिकल्पना मांडा. काहीही निवडलं तरी परिकल्पनेचं वाक्य त्या आकड्याबद्दल असलं पाहिजे. वाक्य उत्तर चाचणीबद्दल आणि कोष्टक वाढीबद्दल, असं होऊ देऊ नका.

7. ‘उद्गामी गटाच्या पूर्व व उत्तर चाचणीत सार्थक फरक नाही’ ही परिकल्पना चालेल का? आणि एकूण किती परिकल्पना असाव्यात?

पहिल्या भागाचं उत्तर: ती तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. जे शिकवलंच नव्हतं ते शिकवल्यावर गुण वाढणारच. फळ्यावर सूत्र लिहून घोकून घेतलं तरी ही शून्य परिकल्पना पडेल. ‘उद्गामी गटात वाढ सार्थक, अवगामी गटात नाही, म्हणून उद्गामी सरस’ हा निष्कर्षही चुकीचा. एका गटात t 2.1 आला आणि दुसऱ्यात 1.9, तर दोघांत फरक आहे असं होत नाही. दोन पद्धतींची तुलना करायची तर दोन गट एकाच वाक्यात समोरासमोर आले पाहिजेत.

दुसरं, संख्या. मुलं-मुली, गाव-तांडा, पहिली पिढी शिकणारे, असं प्रत्येक गोष्टीवर एकेक शून्य परिकल्पना घालून प्रबंध जाड होतो, पण प्रत्येक चाचणीत खोटा इशारा मिळण्याची शक्यता पाच टक्के असते. पाच स्वतंत्र चाचण्या लावल्या तर निदान एक तरी खोटी सार्थक ठरण्याची शक्यता तेवीस टक्क्यांच्या आसपास जाते. शिवाय 32 च्या तुकडीत मुली 15 असतील, तर त्यांच्या तुलनेत मोठा फरकसुद्धा निसटतो. मुख्य शून्य परिकल्पना एक ठेवा. फार तर दुसरी महिनाभराने घेतलेल्या धारणा चाचणीबद्दल, कारण उद्गामी पद्धतीचा खरा दावा ‘जास्त दिवस लक्षात राहतं’ हाच आहे. मुलं-मुलींचं पाहायचंच असेल तर ‘पद्धतीचा परिणाम मुलगे व मुलींत वेगळा नाही’ असं एकच वाक्य लिहा.

8. शून्य परिकल्पनेचा त्याग झाला नाही. माझं संशोधन फसलं का? ‘दोन्ही पद्धती सारख्याच’ असं लिहू?

फसलं नाही. आणि ‘सारख्याच’ असंही लिहू नका. प्रश्न 4 मधले आकडे पुन्हा घ्या. फरक 1.7 आणि त्याभोवतीचं 95 टक्के विश्वास अंतराल काढलं तर ते उणे 0.15 पासून 3.55 पर्यंत जातं. म्हणजे खरा फरक शून्य असू शकतो, तसा साडेतीन गुणांचाही असू शकतो. 20 पैकी साडेतीन गुण कोणताही शिक्षक लहान म्हणणार नाही. तुमच्या 64 मुलांनी एवढंच सांगितलं की अजून ठरवता येत नाही.

म्हणून निष्कर्षात ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात आला’ ऐवजी ‘त्याग करता आला नाही’ असं लिहा आणि लगेच अंतराल द्या. पुढे संशोधन करणाऱ्याला त्यातून कळतं की मोठा गट घ्यायला हवा.

9. एकच शाळा, पद्धतीगणिक एकच तुकडी. यावर परिकल्पना उभी राहते का?

राहते, पण ती काय पेलू शकते हे ओळखून. आपल्याकडच्या अनेक शाळांत तुकडी अ सेमी-इंग्रजीची असते आणि वरच्या गुणांची मुलं तिच्यात जातात. नवीन पद्धत तुकडी अ ला दिली की फरक पद्धतीचा की सेमीचा, हे कोणतीच शून्य परिकल्पना सांगू शकत नाही. परिकल्पनेत ‘उद्गामी गट’ लिहिलं तरी प्रत्यक्षात तुलना ‘सेमी तुकडी आणि मराठी तुकडी’ अशी झालेली असते. हीच अडचण शिक्षक वेगळे असले तर येते, किंवा एका तुकडीचा गणिताचा तास पहिला आणि दुसरीचा शेवटचा असला तर.

तुकड्या फोडून मुलं चिठ्ठ्यांनी वाटायला मुख्याध्यापक सहसा परवानगी देत नाहीत. निदान समान माध्यमाच्या तुकड्या घ्या, दोन्हीकडे एकच शिक्षक ठेवा आणि कोणत्या तुकडीला कोणती पद्धत हे नाणं उडवून ठरवा. मग मर्यादांत स्पष्ट लिहा की यादृच्छिक वाटप झालेलं नाही आणि एका वर्गात एकत्र शिकणारी 32 मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. t चाचणी त्यांना स्वतंत्र धरते, म्हणून तिचा निकाल वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त ठाम दिसतो.

याहून चांगला उपाय आहे अदलाबदल: पुढच्या एका घटकाला पद्धती उलटवायच्या. पण तो घटक ‘बैजिक राशींचे अवयव’ घेऊ नका, कारण अवयव पाडायला विस्तारच उलटा वापरावा लागतो आणि आधीच्या पद्धतीचा परिणाम सोबत येतो. ‘चौकोन रचना व चौकोनाचे प्रकार’ घ्या. मोजमापांतून गुणधर्म काढणं तिथे उद्गामी पद्धतीने छान होतं. मग प्रत्येक घटकासाठी एकेक शून्य परिकल्पना लिहा. दोन्ही घटकांत उद्गामी पद्धत मिळालेली तुकडीच पुढे असेल, तर ‘ती तुकडीच हुशार’ हा आक्षेप बराच ढिला पडतो.

10. शाळेतली आठवीची सगळीच मुलं घेतली. नमुनाच नाही, मग शून्य परिकल्पना कशाची?

त्या चाचणीत, त्या दिवशी, त्या मुलांच्या मध्यमानांत 1.7 चा फरक होता हे तर सत्यच आहे, त्याला चाचणी नको. शून्य परिकल्पना त्यापलीकडचं विचारते: अशाच मुलांना या पद्धतींनी पुन्हा शिकवलं, तर फरक दिसेल का? म्हणून परिकल्पनेत शाळेचं नाव न घालता ते व्याप्तीत लिहा आणि निष्कर्ष ‘मराठवाड्यातील सर्व शाळांसाठी’ असा ताणू नका.

11. दिवाळीनंतर जवळपास एक तृतीयांश मुलं आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेली. उत्तर चाचणीला 32 पैकी 21 च उरली. परिकल्पना बदलू का?

वाक्य बदलायचं नाही. पण ते आता कोणाबद्दल आहे ते लिहायलाच हवं: ‘पूर्व व उत्तर या दोन्ही चाचण्या दिलेल्या विद्यार्थ्यांच्या’. गैरहजर मुलांना शून्य गुण देऊन मध्यमान काढणं साफ चूक आहे. ते त्यांच्या गणिताचं मोजमाप नाही, घरच्या परिस्थितीचं आहे.

गेलेल्या आणि थांबलेल्या मुलांचे पूर्व चाचणीतले मध्यमान दोन्ही गटांसाठी वेगळे काढा. एका तुकडीतून बहुतेक कमी गुणांची मुलं गेली आणि दुसरीतून सगळ्या थरांतली, तर उरलेल्यांची तुलना एका बाजूला झुकते आणि शून्य परिकल्पना पडली तरी श्रेय पद्धतीला देता येत नाही. बीड आणि शेजारच्या तालुक्यांत प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये उरका. धारणा चाचणीही दसऱ्याआधी घ्या.

12. गुण फार वाकडे पडले. निम्म्या मुलांना 18 च्या वर. मार्गदर्शक म्हणतात मान-व्हिटनी चाचणी लावा. वाक्य तेच ठेवू?

नाही. मान-व्हिटनी मध्यमानांची तुलना करत नाही, गुणांच्या क्रमांची करते. तेव्हा शून्य परिकल्पना ‘दोन्ही गटांच्या उत्तर चाचणीतील गुणांच्या वितरणांत सार्थक फरक नाही’ अशी लिहा आणि मध्यमानांसोबत मध्यांकही द्या. हा बदल का केला हे प्रबंधात नोंदवा, नाहीतर तो प्रश्न 4 मधल्या फेरफारासारखा दिसेल. आणि निम्म्या मुलांना 18 च्या वर गुण पडत असतील, तर चाचणीच सोपी होती. वरच्या मुलांमधला फरक तिथे दिसणारच नाही, मग कोणतीही पद्धत वापरा. प्रायोगिक चाचणी शेजारच्या शाळेत घेऊन, सगळ्यांना सुटणारे प्रश्न काढून टाकून, मगच मुख्य चाचणी छापा.